दूरदुखी आणि फायरआबेंट

कुवेतमध्ये माझी ओळख करून देताना लोकांची पंचाईत व्हायची. नवरा बँकेत अकाउंटंट, हे चटकन कळायचं. "आणि वहिनी?" असं कुणी विचारलं की मिलिंद सांगायचा, "ती जर्मन बोलते." समोरचा मान डोलवायचा आणि दुसऱ्या विषयाकडे वळायचा. कुवेतमध्ये अरबी लागते, इंग्रजी लागते, हिंदीवाचून तर पान हलत नाही. जर्मन कशाला लागते?

लागते, कारण इथल्या तेलाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांमधली कितीतरी अवजड यंत्रं जर्मनीत बनलेली असतात. ती उघडली, दुरुस्त केली की पुन्हा सुरू करून द्यायला तिकडून माणूस येतो. हा माणूस इंजिनिअर असला तर इंग्रजी बोलतो. पण उभं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलेला खरा कसबी फिटर असला, तर त्याचं इंग्रजी "गुड मॉर्निंग"च्या पुढे फारसं सरकत नाही. तिथे दुभाषी लागतो. मी यंत्रांच्या देखभालीचं कंत्राट घेणाऱ्या एका कंपनीत हे काम केलं. सकाळी कंपनीची गाडी खैतान भागातल्या घरून मला उचलायची, दक्षिणेकडच्या कारखान्यात सोडायची. हेल्मेट, जाड बूट, कानात बोळे. पुण्यात जर्मन शिकताना मी कविता वाचायचे. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात नट, बोल्ट, वॉशर आणि गळतीचे सगळे प्रकार जर्मनमधून पाठ झाले.

दुभाष्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. याने म्हटलेलं त्याला सांगायचं. पण माणूस शब्द बोलतो कमी आणि सवयी बोलतो जास्त. शब्दाचं भाषांतर होतं, सवयीचं करताना घाम फुटतो. माझा असा घाम दोन शब्दांनी काढला. दोन्ही शब्द घेऊन आले ते ब्रांट.

हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांट साठी ओलांडलेले, उंच, पांढऱ्या मिशांचे. गॅस दाबून पुढे ढकलणारा एक भला मोठा कॉम्प्रेसर उघडून दुरुस्त झाला होता, तो जोडून चालू करून द्यायला आले होते. कारखान्याच्या बाजूने जबाबदारी जयंत कुलकर्णींकडे होती. नाशिकचे, मेकॅनिकल इंजिनिअर, कुवेतमध्ये केस पिकलेले. माणूस इतका कामसू, की ते घरी कधी जातात हा कारखान्यात चेष्टेचा विषय होता.

पहिल्याच दिवशी दुपारी चारला ब्रांटनी हातातला पाना पुसला, पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं आणि मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, "फायरआबेंट!" आणि चालू लागले.

कुलकर्णी बघतच राहिले. कॉम्प्रेसरचं वरचं झाकण क्रेनला टांगलेलं नव्हतं, काही धोका नव्हता, पण काम मध्येच होतं. "मॅडम, हा गृहस्थ काम अर्धवट टाकून निघाला?"

"अर्धवट नाही साहेब. आजचं संपलं, म्हणतायत. उद्या सहाला येतील."

"पण आम्ही सगळे इथे आहोत ना अजून!"

तोवर कंट्रोल रूमचा पॅनेल ऑपरेटर बिजू आला. केरळचा, सदा हसरा. त्याने मोबाइलमध्ये शब्दाचे दोन तुकडे करून शोधले होते. "मॅडम, फायर मतलब सेलिब्रेशन, आबेंट मतलब शाम. पार्टी किधर है?"

मी तिथेच त्या दोघांचा वर्ग घेतला. फायर म्हणजे सण, आबेंट म्हणजे संध्याकाळ, हे बिजूचं बरोबर. जुन्या काळी हा शब्द सणाच्या आदल्या संध्याकाळसाठी होता. दुसऱ्या दिवशी सण, म्हणून आदल्या संध्याकाळी हत्यारं खाली ठेवायची. पुढे हळूहळू तो रोजच्या संध्याकाळला लागला. आता फायरआबेंट म्हणजे दिवसाचं काम संपणं, आणि त्यानंतरचा तो आपला स्वतःचा वेळसुद्धा. पार्टीबिर्टी काही नाही. माणूस घरी जाऊन टोमॅटोच्या झाडांना पाणी घालत असेल, तरी तो फायरआबेंटच. ऑफिसातून निघताना एकमेकांना तशा शुभेच्छाही देतात, "शोनेन फायरआबेंट."

"म्हणजे यांच्याकडे रोज दिवाळीची आदली संध्याकाळ?" कुलकर्णी म्हणाले.

"तसंच म्हणा."

"चैन आहे." ते म्हणाले खरे, पण त्यांना ते रुचलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी ब्रांटना हॉटेलवर तीनदा फोन केला. ब्रांटनी एकदाही उचलला नाही. सकाळी कुलकर्णी गुरकावले, "यांना विचारा, फोन बंद होता का?"

मी विचारलं. ब्रांट शांतपणे म्हणाले, "चालू होता. मला फायरआबेंट होता. काही जळत होतं का?"

"जळत नव्हतं, पण—"

"मग आता सहा वाजलेत. आता विचारा. आता मी पूर्ण तुमचा."

आणि खरंच, सहा ते चार हा माणूस पूर्ण यंत्राचा असायचा. फोन नाही, गप्पा नाहीत, चहासुद्धा उभ्याउभ्या. आठवड्याभरात कुलकर्णींच्या लक्षात आलं, की काम वेळेच्या पुढे चाललंय. तोंडाने मान्य केलं नाही, पण चार वाजले की तेच ओरडू लागले, "चला, फायरआबेंट!" बिजू तर घरी जाताना सिक्युरिटीवाल्यालाही ऐकवू लागला. कारखान्यात तो शब्द समोशासारखा वाटला गेला. सगळ्यांना त्याचा एकच अर्थ ठाऊक होता: सुट्टी.

मग कॉम्प्रेसर चालू करायचा दिवस आला.

असं यंत्र पंख्यासारखं बटण दाबून सुरू होत नाही. वेग एकेक पायरीने वाढवायचा, प्रत्येक पायरीवर थांबायचं, बेअरिंगचं तापमान आणि कंपन बघायचं, मग पुढची पायरी. मी आणि कुलकर्णी कंट्रोल रूममध्ये, बिजू पॅनेलवर. ब्रांट खाली यंत्रापाशी, रेडिओ छातीला लावलेला. हातात एक लांब स्टीलची सळई. तिचं एक टोक यंत्राच्या अंगावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर. डॉक्टरच्या नळीसारखं. या सळईने त्यांना आत काय चाललंय ते ऐकू यायचं. पडद्यावरचे आकडे नंतर बोलतात, असं ते म्हणायचे.

रेडिओवर त्यांचे शब्द आले की मी सांगायचे. "लांगझामर" म्हणजे हळू, "श्नेलर" म्हणजे अजून जोरात. हे दोन शब्द तोवर सगळ्यांनाच पाठ झाले होते. मी तोंड उघडायच्या आत बिजूचा हात हलायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं.

शेवटच्या पायरीच्या आधी यंत्र छान गुणगुणत होतं. पडद्यावर सगळं हिरवं. कंट्रोल रूममध्ये सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो सैलपणा आला होता. तेवढ्यात रेडिओ खरखरला. ब्रांट काहीतरी घासतंय असं म्हणाले आणि मग, त्याच सपाट आवाजात: "नॉख आइन बिसखेन श्नेलर, दान इस्ट फायरआबेंट!"

कुलकर्णींना दोन शब्द ऐकू आले. श्नेलर. फायरआबेंट. थोडं अजून जोरात, मग सुट्टी! त्यांचा चेहरा उजळला. "बिजू, वाढव थोडा, झालंच आता!"

बिजूचा हात पुढे गेला.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की कुणीतरी पाण्याचा ग्लास सांडला. "वाढवू नका! बंद करा! मोडेल म्हणतायत!"

कुलकर्णींनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर सगळं हिरवं होतं, एकही दिवा लाल नव्हता. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मॅडम, नक्की विचारा एकदा. त्यांनी काही विचारलं नाही. स्वतः हात पुढे करून लाल बटण दाबलं. यंत्राचा आवाज उतरत गेला.

मी रेडिओवर ब्रांटना विचारलं. ते म्हणाले, "हो, बरोबर केलंत. पुढे गेलं असतं तर संपलं असतं." मग जरा चिडून, "मी सांगितलं ना स्पष्ट?"

त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. जर्मनमध्ये हाच शब्द आणखी एका अर्थाने येतो. एखादी वस्तू, एखादा माणूस, एखादं नातं आता पार संपणार असेल, तर म्हणतात, दान इस्ट फायरआबेंट. मग खेळ खलास. आणि त्या वाक्यात "जर" हा शब्द नसतोच. "थोडं अजून जोरात, मग खलास" एवढंच. "जर" ऐकणाऱ्याने समजून घ्यायचा. सुट्टी आणि सत्यानाश, दोन्हीला एकच शब्द. सुरातूनच कळतं, आणि ब्रांटचा सूर तर दोन्ही वेळी सारखाच.

दुसऱ्या दिवशी यंत्र उघडलं. तेल बाहेर येऊ नये म्हणून दांड्याभोवती एक कडी असते, ती एका बाजूला दांड्याला घासत होती. त्या जागी लोखंड तापून निळसर झालं होतं. कुलकर्णी ती कडी हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसले. "मॅडम," शेवटी म्हणाले, "आम्हाला अर्धी जर्मन येत होती. ती फार वाईट."

नवी कडी बसली, यंत्र चढलं, शेवटच्या पायरीपर्यंत गेलं. त्या दिवशी चार वाजता फायरआबेंट कुणीच ओरडलं नाही. ब्रांटनीच कुलकर्णींच्या पाठीवर थाप मारली आणि हळू आवाजात म्हटलं. सगळे हसले.

शुक्रवार मोकळा होता. ब्रांट मला म्हणाले, "साहेबांना विचारा, इथून लांब कुठे जाता येईल?"

कुलकर्णी गोंधळले. इतकी वर्षं झाली, पण त्यांना कुवेतमध्ये कारखाना, फरवानियातला किराणा आणि विमानतळ एवढेच रस्ते माहीत होते. शेवटी खैरानला न्यायचं ठरलं, सौदीच्या हद्दीकडे, समुद्रावर. त्यांची गाडी, पुढे ब्रांट, मागे मी आणि माझी मुलगी इरा. मी डब्यात बटाट्याची भाजी आणि पोळ्या घेतल्या होत्या. ब्रांटनी पोळी गुंडाळून बिस्किटासारखी खाल्ली.

वाळूत बसल्यावर त्यांनी समुद्राकडे पाहत विचारलं, "हेर कुलकर्णी, तुम्हाला हाइमवे होतो?"

"घराची ओढ लागते का, विचारतायत," मी म्हटलं.

"लागते की. गणपतीत फार."

"आणि फेर्नवे?"

इथे मी अडकले. इरा म्हणाली, "आई, जस्ट से वाँडरलस्ट." पण ते तेच नव्हे. वाँडरलस्टमध्ये हिंडण्याची मजा असते, पाय शिवशिवतात. फेर्नवेमध्ये दुखतं. वे म्हणजे दुखणं. कोप्फवे म्हणजे डोकेदुखी, बाउखवे म्हणजे पोटदुखी. हाइम म्हणजे घर, म्हणून हाइमवे, घरासाठी दुखणं. हा शब्द आधीचा. त्याच्यावरूनच कुणीतरी त्याच्या उलटा घडवला. फेर्न म्हणजे दूर. जिथे आपण कधी गेलोच नाही, तिथल्यासाठी जीव दुखणं.

हे सगळं कुलकर्णींना सांगून मी म्हटलं, "पोटदुखीसारखी... दूरदुखी म्हणा."

"दूरदुखी!" ते मोठ्याने हसले. "असलं दुखणं आपल्याला परवडत नाही, सांगा त्यांना."

मी सांगितलं. ब्रांट हसले नाहीत. म्हणाले, "मला लहानपणापासून आहे. आमचं गाव डोंगरांच्या मधे. मला वाटायचं, त्या डोंगरापलीकडे गेलो की थांबेल. गेलो. पुढचा डोंगर दिसला. मग मी हे काम धरलं, कारण यात पाठवतात. आता माझी बायको म्हणते, येत्स्ट इस्ट आबर फायरआबेंट!"

"ही तिसरी तऱ्हा," मी कुलकर्णींना म्हटलं. "आई मुलाला दरडावते तशी. बास झालं आता!"

"या एकाच शब्दावर यांचा सगळा कारभार चालतो की काय?" कुलकर्णी म्हणाले. इरा पाण्याच्या कडेला शिंपले वेचत होती. बऱ्याच वेळाने, मला वाटलं विषय संपला, तेव्हा ते समुद्राकडे बघत बोलले. "होती हो मला दूरदुखी. कॉलेजात असताना. मर्चंट नेव्हीत जायचं होतं. वडील नको म्हणाले. मग मीच ठरवलं की नव्हतीच."

"पण तुम्ही तर दूर आलात," मी म्हटलं. "कुवेतला."

"नोकरीला आलो, मॅडम. दूर बघायला कुठे आलो?"

मी हे जर्मनमध्ये सांगितलं. सांगताना लक्षात आलं, तेच वाक्य माझंही होतं. मी जर्मन शिकले ती जर्मनीला जायचं म्हणून. बर्फ, नद्या, जुनी गावं. मग लग्न झालं, मिलिंदची नोकरी इथे, आणि माझी जर्मन भाषा या वाळवंटात नट-बोल्टांसाठी खर्ची पडली. किती जर्मन माणसांना मी विमानतळावर निरोप दिला, पण स्वतः जर्मनी कधी पाहिली नाही. याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण त्या दिवशी नाव कळल्यावर दुखणं जाणवायला लागलं.

ब्रांट परत गेले. त्यांच्या कंपनीकडून दरवर्षी आमच्या कारखान्यातल्या एका माणसाला तिकडच्या वर्कशॉपमध्ये शिकायला बोलावत. दरवर्षी कुलकर्णींना विचारलं जाई आणि दरवर्षी ते दुसऱ्याचं नाव पुढे करत. "मी गेलो तर इथे कोण बघणार?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. या वेळी मॅनेजरनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मी जातो."

मॅनेजर कुवेती, सगळे त्यांना बू-खालिद म्हणत. दर उन्हाळ्यात कुटुंबासह जर्मनीला जाणारा माणूस. ते खुर्चीत मागे रेलले. "वल्लाह, कुलकर्णी! तुझी तब्येत बरी आहे ना?"

"नाही साहेब," कुलकर्णी म्हणाले. "दुखतंय जरा." आणि माझ्याकडे बघून हसले.

बू-खालिद यांना काही कळलं नाही, पण एक गोष्ट कळली. वर्कशॉपमध्ये शिकवणारे सगळे ब्रांटसारखेच होते, जर्मन बोलणारे. अर्धी जर्मन काय करते ते कारखान्याने पाहिलं होतं. म्हणाले, "मग मॅडमही जातील. पहिले दोन आठवडे."

घरी मी ही बातमी नाही म्हणायच्या तयारीनेच सांगितली. इराची परीक्षा, मिलिंदचं पथ्य, सासूबाई महिनाभरासाठी आलेल्या. मी एकेक कारण सांगत गेले आणि तिघं जेवत राहिले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "झालं तुझं? आता जा." इरा म्हणाली, "मॉम, इट्स टू वीक्स. वी वोन्ट डाय." मिलिंदने विचारलं, "तिकडे थंडी असेल, स्वेटर आहे का तुझ्याकडे?" कुवेतमध्ये इतकी वर्षं राहून माझ्याकडे धड स्वेटर नव्हता.

तर मी जर्मनी पाहिली. छोटंसं गाव, मधून नदी, डोंगर अगदी ब्रांटनी सांगितले तसे. विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या अधिकाऱ्याला मी जर्मनमध्ये उत्तर दिलं, तेव्हा मला आनंदाने रडू येईल असं वाटलं. त्याने विचारलं, "हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "पुण्यात शिकले, कुवेतमध्ये वापरलं." त्याने शिक्का मारला.

पहिल्या दिवशी चारच्या सुमाराला वर्कशॉपमध्ये कुलकर्णी एका सुट्या भागावर वाकून प्रश्न विचारत होते, मी भाषांतर करत होते. फोरमनने घड्याळ पाहिलं, हात पुसले आणि म्हणाला, "फायरआबेंट, हेर कुलकर्णी." कुलकर्णी म्हणाले, "एकच शेवटचा प्रश्न, सांगा त्यांना." फोरमनने हसून दिवे घालवले.

आम्ही दोघं बाहेर अंगणात उभे. उन्हाळा होता, सूर्य मावळायला नऊ वाजणार होते.

"मॅडम," कुलकर्णी म्हणाले, "आता इतका वेळ करायचं काय?"

मलाही माहीत नव्हतं. कारखाना सुटला की माझी दुसरी पाळी सुरू व्हायची: भाजी, कणीक, इराचा अभ्यास. ऑफिस सुटणं मला ठाऊक होतं, मोकळं होणं ठाऊक नव्हतं. या शब्दाचा अर्थ मी किती जणांना समजावला होता! आम्ही नदीकाठच्या बाकावर जाऊन बसलो. कुलकर्णींनी बायकोला व्हिडिओ कॉल करून बदकं दाखवली. मी नुसतीच बसले. आधी अपराधी वाटलं, मग कंटाळा आला, मग कधीतरी दोन्ही गेलं आणि पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. पुढचे सगळे दिवस मी त्या बाकाची वाट बघत काम केलं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ब्रांटनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या बायकोने, फ्राउ ब्रांटनी, बागेत टेबल मांडलं होतं. आमच्यासाठी मुद्दाम मांसाहार टाळलेला. बटाटे, चीज, काळा पाव, त्यांच्याच बागेतले टोमॅटो. ब्रांट निवृत्त होऊन बागेत रमले होते, म्हणजे बायकोच्या म्हणण्यानुसार रमल्याचं नाटक करत होते. हवा सुरेख होती. समोर डोंगर. कॉलेजात ज्याच्यासाठी जीव दुखायचा, ते सगळं तिथे समोर मांडलेलं होतं, आणि मी खरंच आनंदात होते.

आणि तरीही. काळा पाव चावताना मला एकदम खैतानच्या इराणी भट्टीतला गरम खुबूस आठवला, वर्तमानपत्रात गुंडाळून हातात पडतो तो. मग गल्लीतल्या बकाल्याचा, म्हणजे किराणा दुकानाचा, मालक आठवला, जो मला हिंदीत "दीदी" आणि मिलिंदला अरबीत "अखूय", म्हणजे भाऊ, म्हणतो. मग गच्चीवरून दिसणारी धुळीने पिवळी झालेली संध्याकाळ, आणि चारी बाजूंनी थोड्या पुढेमागे सुरू होणाऱ्या अजान. घास तोंडात तसाच राहिला.

फ्राउ ब्रांटच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "हाइमवे?"

मी मान डोलावली.

"साहजिक आहे. नाख इंडिएन?" भारतासाठी?

मी हो म्हणणार होते. तेच खरं उत्तर असायला हवं होतं. पण दुभाष्याच्या तोंडाला एक सवय असते, आत जे आहे तेच बाहेर येतं, नीटनेटकं करायला वेळ मिळत नाही.

"नाख कुवेत," मी म्हणाले.

मी स्वतःच चकित झाले होते. एका इमारतीतला भाड्याचा फ्लॅट, दर काही वर्षांनी नवा करून घ्यावा लागणारा राहण्याचा परवाना, नोकरी संपली की सोडावा लागणारा देश.

कुलकर्णींना जर्मन येत नव्हती. पण हाइमवे त्यांच्या ओळखीचा होता, आणि कुवेत तर होतंच. त्यांनी बटाट्याच्या ताटलीवरून मान वर केली.

"मॅडम," ते म्हणाले, "मलाही."